क्लेमझिग, पळसदेव आणि खडकीत जन्मलेला एक सेनापती

माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहतो. मागच्या वर्षी मावशी तीन महिने त्याच्याकडे जाऊन आली. त्याच्या घराजवळ बसचा एक मोठा थांबा आहे, क्लेमझिग नावाचा. रोज संध्याकाळी ती तिथल्या बाकावर जाऊन बसायची. इंग्रजी पाट्या तिला हळूहळू वाचता येतात, पण हे नाव तिच्या जिभेवर काही बसेना. एकदा तिनं विचारलं, "हे कसलं रे नाव?" तो म्हणाला, "जर्मनांच्या एका गावाचं आहे. तिथून आलेल्या लोकांनी इथल्या वस्तीला तेच नाव दिलं."

मावशी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग त्यांचं मूळ गाव पाण्यात गेलं का?"

मावशी पळसदेवची. इंदापूर तालुक्यातलं हे जुनं गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. लोक वर सरकले, सोलापूर रस्त्याच्या बाजूला नवी घरं बांधली, आणि नाव तेच ठेवलं. पाऊस कमी झालेल्या वर्षी उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं, जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि पुण्यामुंबईची माणसं फोटो काढायला येतात. मावशीच्या लेखी एका नावाची दोन गावं असण्याचं कारण एकच: पहिलं बुडालेलं असणार.

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी बसले आणि त्यात बरेच महिने गेले. या शोधाच्या शेवटी माझं जे मत झालं ते आधी सांगते, कारण आपल्याकडे हा वाद वरचेवर उभा राहतो. परमुलखात वसलेल्या माणसांनी आपल्या गावाचं नाव नव्या वस्तीला, गल्लीला, दुकानाला दिलं, तर सरकारनं किंवा शेजाऱ्यांनी ते पुसू नये. त्या नावाला निष्ठेची परीक्षा समजणं ही चूक आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियानं ती चूक रीतसर कायदा करून केली, म्हणून तिथली हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

क्लेमझिग हे प्रशिया या जर्मन राज्यातलं एक खेडं. आज तो भाग पोलंडमध्ये, त्याच्या पश्चिम टोकाला येतो. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म यानं १८१७ साली ठरवलं की राज्यातले ल्यूथरपंथी आणि कॅल्विनपंथी या दोन प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथांचं मिळून एकच चर्च असेल. पुढे सगळ्यांनी एकाच छापील पद्धतीनं उपासना करावी अशी सक्ती झाली. जुन्या ल्यूथरपंथीयांना ते मान्य नव्हतं. मग दंड झाले, पाद्र्यांना पदावरून काढलं, काहींना तुरुंगात टाकलं. क्लेमझिगचा पाद्री आउगुस्ट कावेल १८३६ साली लंडनला गेला आणि जॉर्ज फाइफ अँगस या सावकार-व्यापाऱ्याला भेटला. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत तेव्हा नुकतीच आकार घेत होती आणि अँगसला तिथं राबणारे, स्थिर राहणारे शेतकरी हवे होते. त्यानं प्रवासासाठी कर्ज दिलं. प्रशियाच्या सरकारनं देश सोडायची परवानगी द्यायलाच वर्षं घालवली. अखेर १८३८ च्या नोव्हेंबरात कावेल आणि त्याचे लोक ॲडलेडला उतरले, आणि टॉरेन्स नदीकाठी अँगसच्याच जमिनीवर कुळं म्हणून राहिले. त्या वस्तीचं नाव त्यांनी ठेवलं क्लेमझिग.

मला इथं थांबावंसं वाटतं. या लोकांना त्यांच्याच राजानं छळलं होतं, ते देश सोडून आले होते. त्यांनी वस्तीला 'नवी प्रशिया' म्हटलं नाही. राजाचं, राजधानीचं, राजघराण्याचं नाव दिलं नाही. नाव दिलं ते खेड्याचं: जिथं त्यांच्या आईबापांची थडगी होती, जिथल्या विहिरीचं पाणी ते प्यायले होते. पुढच्या वस्त्यांची नावंही बघा. हानडॉर्फ म्हणजे हानचं गाव. त्सेब्रा नावाच्या जहाजाचा कप्तान डिर्क हान यानं प्रवाशांना बंदरावर उतरवून पाठ फिरवली नाही. स्वतः फिरून त्यांच्यासाठी डोंगरात जमीन ठरवून दिली, म्हणून गावाला त्याचं नाव. लोबेथाल म्हणजे स्तुतीची दरी, बायबलातली. बेथानी हेही बायबलातलं. लांगमाइल हे पुन्हा घराकडच्या खेड्याचं. गाव, उपकारकर्ता आणि देव, या तिघांतच सगळी नावं संपतात. राज्यकर्ता त्यात नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. आपल्या आडनावांतला 'कर' बहुतेक वेळा हेच काम करतो. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून ओळखायची कुणाला गरज पडत नाही, तिथले सगळेच चिपळूणचे. तो पुण्यात येतो, सदाशिव पेठेत बिऱ्हाड करतो, आणि शेजारी विचारतात, "कुठले तुम्ही?" तिथून पुढे ते गाव त्याच्या नावाला चिकटतं. सहा पिढ्या चिपळूण न पाहिलेली माणसं ते नाव लावतात, आणि त्यामुळे ती पुण्याची कमी होतात असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मंगेशीहून निघालेल्या घराण्याचं मंगेशकर हे नाव पुणे, कोल्हापूर, मुंबई असं फिरून जगभर गेलं. त्या नावात गोव्यातलं एक देऊळ आहे, आणि म्हणून ते नाव मराठी नाही असंही कुणाच्या मनात येत नाही.

घराकडचं नाव नुसतं मनाच्या समाधानासाठी असतं, हा समजही मला बरोबर वाटत नाही. ते कामाचं असतं. मागे राहिलेल्या चुलतभावाला पत्र जातं तेव्हा 'टॉरेन्स नदीचा उत्तर काठ' हे शब्द त्याला काही सांगत नाहीत. 'क्लेमझिग' सांगतं. तिथं आपली भाषा बोलतात, आपला पाद्री आहे, लग्नाला आपल्यातलीच मुलगी मिळेल, आजारपणात कुणीतरी दारात येईल, एवढं सगळं त्या एका शब्दात असतं. १८४० साली प्रशियाचा तो राजा वारला, त्याच्या मुलानं जाच सैल केला. धर्मापायी घर सोडायचं कारण जवळपास उरलं नाही. तरी जहाजं येतच राहिली, कारण आता नातेवाईक पुढे होते आणि गावाची नावंही पुढे पोचली होती. आपल्याकडे मुंबईतल्या गिरणगावात एकेका गावाच्या माणसांच्या खोल्या असायच्या. गाडीतून उतरलेल्या नव्या पोराला शहराचा पत्ता माहीत नसला तरी चाले, गावाची खोली माहीत असली की झालं. तीच ही रीत.

आणि नाव ज्या जागेवर ठेवलं तिथंच लोक कायमचे रुजले असंही नाही. क्लेमझिगची जमीन अँगसची होती, डोक्यावर कर्ज होतं, खंड भरावा लागे. काही वर्षांतच बहुतेक कुटुंबं उत्तरेला बारोसाच्या खोऱ्यात स्वतःची जमीन मिळेल म्हणून निघून गेली. मागे राहिलं थोडं दफनस्थान आणि नाव. हानडॉर्फच्या बायकांची गोष्ट तिथं अजून सांगतात. लोणी, अंडी, भाजी टोपल्यांत भरून त्या मध्यरात्री निघत, डोंगर उतरून पंचवीसेक किलोमीटर चालत पहाटे ॲडलेडच्या बाजारात पोचत. वाटेत अनवाणी चालायचं, शहर जवळ आलं की ओढ्यात पाय धुऊन चपला-बूट घालायचे. येताना चर्चच्या बांधकामासाठी एकेक दोनदोन विटा आणायच्या. सासवडहून, मुळशीतून डोक्यावर पाटी घेऊन मंडईत आलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे चित्र समजवायला नको. अशी ऐंशी वर्षं गेली. नातवंडं-पतवंडं ऑस्ट्रेलियन झाली. गावांची नावं मात्र जर्मन राहिली.

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं. १९१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळात ठराव झाला की शत्रूच्या भाषेतली गावांची नावं बदलावीत. त्यासाठी समिती नेमली, १९१७ च्या शेवटी कायदा झाला, आणि १९१८ च्या जानेवारीत राजपत्रात यादी आली. एकूण ६९ नावं. हानडॉर्फचं अँबलसाइड झालं. लोबेथालचं ट्वीडव्हेल. लांगमाइलला बिल्यारा हा आदिवासी भाषेतला शब्द मिळाला. ऱ्हाइन नावाच्या दोन लहान नद्या होत्या, त्यांना फ्रान्सच्या रणभूमीवरून सोम आणि मार्न ही नावं आली. क्लेमझिगचं नाव झालं गाझा, कारण १९१७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश फौजांनी पॅलेस्टाइनमधलं गाझा जिंकलं होतं. शंभर वर्षांनी ही अदलाबदल वाचताना अंगावर काटा येतो.

आणि ब्लुमबर्ग. १८४८ साली प्रशियातल्या ल्यूथरपंथीयांनी वसवलेलं डोंगरातलं गाव. शब्दशः अर्थ फुलांचा डोंगर. त्याला नाव दिलं बर्डवुड. ऑस्ट्रेलियन फौजेचं गॅलिपोलीत आणि नंतर फ्रान्समध्ये नेतृत्व करणारा सेनापती सर विल्यम बर्डवुड. हा माणूस जन्मला १८६५ साली खडकीत, आपल्या पुण्याच्या खडकीत. त्याचे वडील मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत होते.

मी खडकीत राहते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. प्रशियातल्या खेड्यांतून छळामुळे निघालेली माणसं, त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या गावाचं नाव पुसलं गेलं, आणि त्या जागी बसलेलं नाव आमच्या बाजारापासून मैल-दोन मैलांवर जन्मलेल्या एका इंग्रजाचं. त्यापुढची गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. १९१८ च्या मे महिन्यात, म्हणजे नाव बदलल्यानंतर चारच महिन्यांनी, बर्डवुडची बढती झाली आणि फ्रान्समधल्या ऑस्ट्रेलियन फौजेची सूत्रं जॉन मोनॅश याच्याकडे आली. मोनॅशचे आईवडील प्रशियातून आलेले ज्यू. ज्या मुळाची नावं नकाशावरून खरवडून काढली जात होती, त्याच मुळाच्या माणसाच्या हाती ऑस्ट्रेलियानं फ्रान्समधली आपली फौज दिली, आणि त्यानं ती विजयापर्यंत नेली. नावावरून निष्ठा ओळखता येते म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

दुसरंही एक उत्तर त्यांनी द्यावं. ६९ नावं बदलली, पण राजधानीचं नाव तसंच राहिलं. ॲडलेड हे नाव चौथ्या विल्यमच्या राणीचं, आणि ही राणी जन्मानं जर्मन, साक्स-माइनिंगनची राजकन्या. खुद्द ब्रिटिश राजघराण्यानं १९१७ च्या जुलैत आपलं जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं होतं, म्हणजे जर्मन नावांची लाज तेव्हा वरपर्यंत पोचली होती. तरी ॲडलेडला हात लागला नाही. हात लागला तो गाईगुरं राखणाऱ्या, द्राक्षं लावणाऱ्या माणसांच्या खेड्यांना. कायद्यानं शत्रूला काही झालं नाही, शेजाऱ्याला झालं. त्याच काळात ल्यूथरपंथीयांच्या ४९ शाळा बंद केल्या गेल्या. मुलांची भाषा त्यात गेली, आणि ती नावासारखी राजपत्रातून परत आणता आली नाही.

नावं मात्र परत आली. १९३६ साली वसाहतीला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. त्या निमित्तानं १९३५ साली कायदा करून हानडॉर्फ, लोबेथाल आणि क्लेमझिग ही तीन नावं परत दिली. पुढे १९७५ नंतर आणखी काही आली. बर्डवुड मात्र बर्डवुडच राहिलं. क्लेमझिगमध्ये फुटबॉलचा एक क्लब आजही गाझा नावानं चालतो. त्या अठरा वर्षांत ज्यांचं बालपण गेलं त्यांच्यासाठी गाझा हेच घराकडचं नाव झालं असणार. सक्तीनं दिलेलं नावही माणसं जगून जगून आपलं करतात. म्हणूनच मला वाटतं की नाव बदलायला हात घालताना आधीच दहादा विचार करावा, कारण चूक सुधारतानाही कुणाचं तरी नाव जातं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सरकारनं लादलं हे वाईट, पण लोकांनीच मत देऊन नाव बदललं तर? कॅनडातल्या बर्लिन शहरात १९१६ साली तसंच झालं. ऑन्टॅरिओतलं हे जर्मन वस्तीचं गाव. मे महिन्यात मतदान झालं: नाव बदलावं म्हणणारे १,५६९, राहावं म्हणणारे १,४८८. एक्क्याऐंशी मतांचा फरक. जूनमध्ये नवं नाव निवडायला पुन्हा मतदान घेतलं, तेव्हा पाच हजारांच्या आसपास मतदारांपैकी हजारही फिरकले नाहीत, आणि किचनर या नावाला ३४६ मतं पडली. लॉर्ड किचनर नुकतेच समुद्रात बुडून वारले होते. आजही शहराचं नाव तेच आहे. मतदान झालं हे खरं, पण गावात सैनिक भरती चालू असताना, शेजारी शेजाऱ्याला देशद्रोही म्हणत असताना ते झालं. दुसऱ्या वेळी लोक घरीच बसले यातच मला त्यांचं खरं मत दिसतं. भीतीच्या हंगामात नावाचा कौल घेऊ नये.

आता दुसरी बाजू, आणि ती टाळली तर मी अर्धंच खरं सांगितलं असं होईल. क्लेमझिग रिकाम्या जागेवर वसलं नव्हतं. ॲडलेडचं मैदान काउर्ना या तिथल्या मूळ लोकांचं. त्या नदीला त्यांच्या भाषेत नाव होतं, टेकड्यांना होतं, कांगारूंच्या चरण्याच्या जागांना होतं. छळामुळे आलेली ही गरीब माणसंसुद्धा दुसऱ्याच्या गावावर आपल्या गावाचं नाव घालत होती, आणि त्यांना ते जाणवतही नव्हतं. स्थलांतरिताचं नाव निष्पाप असतं असं म्हणून चालणार नाही. ज्याच्या घरावर ते बसतं त्याच्या दृष्टीनं राजाचं नाव काय आणि खेड्याचं नाव काय, दोन्ही सारखंच.

पण त्याच जर्मनांमधून एक वेगळी गोष्ट घडली. टाइशेलमान आणि श्युरमान हे दोन ल्यूथरपंथी मिशनरी १८३८ च्या ऑक्टोबरात ॲडलेडला आले. ज्या जहाजातून आले त्याचं नाव पेस्तनजी बोमनजी, मुंबईच्या पारशी वाडिया घराण्यातल्या गृहस्थाचं. या दोघांनी काउर्ना भाषा शिकून घेतली आणि १८४० साली तिचं व्याकरण आणि सुमारे दोन हजार शब्दांचा संग्रह छापला. पुढे ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. १९९० नंतर काउर्नांच्या वंशजांनी भाषा पुन्हा उभी करायला घेतली तेव्हा हाती होतं ते मुख्यतः हे पुस्तक. आज टॉरेन्स नदीच्या पाटीवर कर्रवीर्रा पारी हे नावही आहे, २००१ पासून. शहराच्या मधल्या चौकालाही दोन नावं आहेत. टॉरेन्स खोडलं नाही, कर्रवीर्रा पारी लिहिलं. मला यात रस्ता दिसतो: पाटी मोठी करा, दोन ओळी लिहा.

पुण्यात परत येते. बाणेर रस्त्याजवळ सिंध सोसायटी आहे. फाळणीत घरदार टाकून आलेल्या सिंधी हिंदूंनी वसवलेली. सिंध आज दुसऱ्या देशात आहे, आणि त्या देशाशी आपली युद्धं झाली आहेत. तरी पुणेकर रिक्षावाल्याला सहज सांगतो, "सिंध सोसायटीच्या गेटला सोडा." त्याला ठाऊक आहे की हे नाव घेणारे लोक त्या देशातून हाकलले गेले होते. हेच शहाणपण सगळीकडे टिकत नाही. मुंबईत २०२० साली एका मिठाईच्या दुकानाला पाटीवरचा 'कराची' हा शब्द काढायला सांगितलं गेलं, तेव्हा दुकानदाराचे आजोबा ते शहर कुठल्या परिस्थितीत सोडून आले असतील हे विचारायच्या आधी कागद झाकून पाटी बंद झाली. ॲडलेडच्या विधिमंडळानं १९१७ साली जो तर्क लावला, तोच हा. ज्याला देशानं हाकललं त्याच्याच तोंडून त्या देशाचा हेर शोधायचा. कावेलच्या लोकांनी राजाचं नाव घेतलं नाही, गावाचं घेतलं. सिंधी आजोबांनीही पाकिस्तानचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी घेतलं ते शहर पाकिस्तानच्या आधीपासूनचं होतं.

मग कुठलंच नाव बदलू नये का? असं माझं म्हणणं नाही. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला, तो मला पूर्ण मान्य आहे. महारवाडा हे नाव तिथं राहणाऱ्यांनी प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. गावानं त्यांना वेशीबाहेर ठेवून वरून ते चिकटवलं होतं. त्या जागी भीमनगर आलं ते राहणाऱ्यांच्या तोंडी आधीपासून होतं. नाव नवं आहे की जुनं, देशी आहे की परदेशी, या प्रश्नांनी काहीच ठरत नाही. ते नाव कोणी ठेवलं आणि तिथं राहणारा ते अभिमानानं घेतो की मान खाली घालून, एवढं विचारलं की पुरतं.

हाच प्रश्न आपल्या नव्या इमारतींना विचारून बघा. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. त्यांतल्या शेतांवर उभ्या राहिलेल्या गृहप्रकल्पांना इटलीतली, स्पेनमधली गावं नाव म्हणून लाभली आहेत. तिथून कुणीही आलेलं नाही. कुणाच्या आजीचं थडगं तिथं नाही, कुणाचं पत्र तिथं जात नाही. हे नाव जागा विकण्यासाठी घेतलं आणि त्याखाली ओढ्याचं, वाडीचं, मळ्याचं नाव गेलं. परप्रांतातून आलेल्या गवंड्यांनी त्याच प्रकल्पाच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती केली आणि तिला आपल्या तालुक्याचं नाव दिलं, की आपल्याकडे लगेच कपाळाला आठ्या पडतात. मला आठ्या उलट्या बाजूला पडायला हव्यात असं वाटतं. त्या मजुराचं नाव क्लेमझिगच्या जातीचं आहे. त्यामागे माणसं आहेत आणि पुढच्या गाडीनं येणाऱ्या पोराला ते उपयोगी पडणार आहे. आणि वाडीचं नाव खरोखर वाचवायचं असेल तर ते महापालिकेनं रस्त्याच्या पाटीवर लिहावं. सात-बारावर, जुन्या मोजणीच्या नकाशांवर ही नावं अजून आहेत. मळा, माळ, ओढा, पाणंद, सगळ्यांना नाव आहे. पाटी रंगवायला घेताना तलाठ्याकडून ते मागवून खालच्या ओळीत घालणं, यासाठी कायदा लागत नाही.

मावशीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी या दिवाळीत दिलं. म्हटलं, "पाण्यात नाही गेलं मावशी. १९४५ साली युद्ध संपलं, तो मुलूख पोलंडकडे गेला. तिथल्या जर्मनांना घरं सोडून निघावं लागलं. पोलंडची माणसं येऊन राहिली, त्यातली कित्येक स्वतःच पूर्वेकडून उठवलेली होती. गावाचं नाव आता क्लेंप्स्क आहे. घरं आहेत, आतून रंगवलेलं जुनं लाकडी चर्चही आहे. क्लेमझिग हे नाव पाटीवर बघायचं तर तू बसायचीस त्या थांब्यावर."

तिनं करंजीचं सारण ढवळता ढवळता ऐकून घेतलं. मग तिनं मला एक जुनी गोष्ट सांगितली, जी मी आधी ऐकली नव्हती. गाव उठलं तेव्हा भरपाईच्या कामासाठी ती आजोबांबरोबर एका कचेरीत गेली होती. तिथल्या कारकुनानं पत्त्याच्या रकान्यात 'पुनर्वसन गावठाण' लिहिलं. आजोबा म्हणाले, "गावाचं नाव लिहा." कारकून म्हणाला, "ते गाव आता नाही." आजोबा लिहायला वाचायला जेमतेम शिकलेले. त्यांनी त्याच्या हातातला टाक मागून घेतला आणि त्या रकान्यात, कारकुनाच्या अक्षरांच्या वर जी जागा उरली होती तिथं, वेळ लावून एकेक अक्षर काढत पळसदेव लिहिलं. खालचं त्यांनी खोडलं नाही.